डायरीतल्या आजोबांना थोडं कमी बोलू द्या

*नमस्कार. मी एक कथा लिहिली आहे. आजोबा गेल्यावर त्यांची जुनी डायरी सापडते, नात ती घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि एकेका नोंदीचा अर्थ सांगत जाते. नोंदी मी अगदी मन लावून लिहिल्या आहेत. पण ज्या दोघी-तिघींना वाचायला दिली त्या म्हणाल्या, “छान आहे, पण काही घडतच नाही.” एकीने सुचवलं की आजोबांचं एखादं लपवलेलं प्रेमप्रकरण डायरीतून बाहेर काढ. मला ते पटत नाही. पण मग करू काय? कथा सोबत जोडली आहे.*
*– एक वाचक*

प्रेमप्रकरण नकोच. डायरी म्हटली की वाचकाला आधीच संशय असतो की आता यातून कोणीतरी ‘ती’ निघणार, आणि तशी निघाली की त्याला फक्त आपला अंदाज बरोबर आल्याचं समाधान मिळतं. तुमच्या मैत्रिणींचं निदान मात्र बरोबर आहे. काही घडत नाही, कारण तुमचे आजोबा डायरीत सगळं स्वतःच सांगून टाकतात. मग नातीला करायला काम उरत नाही.

तुमच्या दुसऱ्या पानावरची नोंद बघा. “आज आकाश भरून आलं आहे, तसंच माझं मनही. शाळेतून परतताना वाटलं, इतक्या माणसांत राहूनही मी किती एकटा आहे.” यावर नात घरच्यांना सांगते, “आजोबांना तेव्हा खूप एकटं वाटत होतं.” हो, ते त्यांनीच आत्ता सांगितलं. एकच गोष्ट दोनदा ऐकली की वाचक पुढचं पान उलटतो.

शिवाय रोज रात्री दोन मिनिटं काढून डायरी लिहिणारा माणूस असं लिहीत नाही. तो स्वतःसाठी लिहितो, आणि जे त्याला ठाऊकच आहे ते तो स्वतःला कशाला समजावेल? तो नावं पूर्ण लिहीत नाही, नाती सांगत नाही, कारणं देत नाही. “शाळा. वह्या राहिल्या. पाऊस.” एवढ्यावर त्याचं भागतं. पुढच्या पिढीला हीच नोंद कुलूप लावल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच ती वाचून दाखवणारं आणि उलगडून सांगणारं कोणीतरी लागतं. तुमच्या कथेत नात त्यासाठीच आहे. तिच्यासाठी नोंदी कोरड्या करा, इतक्या की नुसतं वाचून कोणाला काही कळू नये.

आता नात जे सांगते त्याबद्दल. तुमच्या कथेत ती प्रत्येक वेळी बरोबर असते. ती चुकली पाहिजे, आणि मूर्खासारखी नाही, तर हुशार माणूस चुकतो तशी: हातात जेवढा पुरावा आहे त्यावरून नीट तर्क करून.

याचं इतिहासातलं एक उदाहरण मला फार आवडतं. फ्रान्सचा राजा सोळावा लुई रोजनिशी ठेवायचा. १४ जुलै १७८९ या दिवशी, म्हणजे पॅरिसमध्ये लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला त्या दिवशी, त्याने त्यात लिहिलं: “काही नाही.” लोक हे वाचून अजूनही हसतात. केवढा आंधळा राजा, राज्याखालची जमीन सरकली आणि याच्या लेखी काही नाही! पण ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. ‘काही नाही’ म्हणजे त्या दिवशी शिकार नाही. नोंद खरी होती, वाचणाऱ्यांचा तर्कही सरळ होता. चुकलं एवढंच, की वही कशासाठी ठेवली होती हे कोणी विचारलं नाही.

तुमच्या नातीला हीच चूक करू द्या. तिला वाटतंय की हातात आजोबांचं मन आहे. प्रत्यक्षात तिच्या हातात कसलीतरी नोंदवही आहे. कसली, ते तिला आणि वाचकाला मागाहून कळेल.

हे नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून तुमचीच माणसं घेऊन एक प्रसंग मांडून बघते. आजोबा शिक्षक, आजी हयात, नातीचे वडील मोठे, आत्या त्यांच्याहून बरीच लहान, आणि नातीचा धाकटा भाऊ, ज्याला तुम्ही सबंध कथेत एकही वाक्य दिलेलं नाही. (त्याला मी कामाला लावणार आहे.) डायरी छापील, तारीख-वार असलेली, १९७१ सालची, कारण तुम्ही तेच साल घेतलं आहे. मार्चमधली सात पानं नात वाचते:

“११ मार्च. शाळा. १०१.
१२ मार्च. शाळा. १०२.४.
१३ मार्च. रजा. १०३. मोठ्याला मारलं. डॉक्टर.
१४ मार्च. शाळा. १०२.
१५ मार्च. शाळा. १००.६.
१६ मार्च. शाळा. ९९.
१७ मार्च. काही नाही.”

पहिली नोंद वाचून नात ठामपणे सांगते, “ही हजेरी. त्या दिवशी शाळेत एकशे एक मुलं आली.” शिक्षकाच्या डायरीत शाळेपुढे आकडा असेल तर दुसरं काय वाटणार? सगळे माना डोलावतात. मग ती दुसरी नोंद वाचते, आणि धाकटा भाऊ विचारतो, “चार दशांश मुलगा कसा काय आला?” हसतात सगळे. नातही हसते, पण तिचा तर्क मोडलेला असतो आणि वाचक आता सावरून बसलेला असतो. चतुर वाचकाला इथेच ताप कळेल. कळू द्या. नातीच्या दोन पावलं पुढे असलेला वाचक कंटाळत नाही, ती कधी पोहोचते याची वाट बघतो.

त्या आकड्यांत एक बारीक गोष्ट मी मुद्दाम जपली आहे. काचेच्या, पाऱ्याच्या, फॅरनहाइट थर्मामीटरवर दोन अंशांमधल्या बारीक रेघा दोन-दोन दशांशांच्या असतात. म्हणजे .२, .४, .६, .८. त्यावरून कोणी १०१.३ असं सहसा लिहिणार नाही. तुम्ही नोंदी वाढवाल तेव्हा हे सांभाळा. कथेत समजावून सांगू नका, पण एखादा विषम दशांश पडला तर ज्याने असा थर्मामीटर हाताळला आहे त्याला तो खुपेल.

तेराव्या तारखेकडे या. “मोठ्याला मारलं.” मोठा म्हणजे नातीचे वडील, आणि ते समोर बसून ऐकताहेत. नात काय करते? ती वाचते, “रजा. एकशे तीन. डॉक्टर.” मधले दोन शब्द गाळते. मोठ्याने वाचण्याच्या कथेत ही केवढी सोय आहे, आणि तुम्ही ती एकदाही वापरलेली नाही! पान फक्त तिला दिसतं. ऐकणाऱ्यांना ती देईल तेवढंच मिळतं, पण वाचकाला मात्र तिच्या खांद्यावरून सगळं दिसतं. तिने काय गाळलं यावरून ती कोण आहे ते कळतं, आणि त्यासाठी तिच्या स्वभावाचं वर्णन करणारे तुमचे पहिल्या पानावरचे दोन परिच्छेद लागत नाहीत. ते गाळलेले शब्द पुढे उघड करायचे का? माझ्या मते नाही. वडील फक्त म्हणू देत, “त्या आठवड्यात मला शेजारी झोपायला पाठवलं होतं. का ते आठवत नाही.” नात काही बोलत नाही. बास.

यानंतर सतरा मार्च. “काही नाही.” आता नात भावुक होते, कारण तुमची नात भावुक आहेच. ती सांगते, “बघा ना, एवढा सबंध बुधवार, आणि आजोबांना त्यात लिहावंसं काहीच वाटलं नाही. किती रितं वाटलं असेल त्यांना.” तुमच्या सध्याच्या कथेतली नात अगदी असंच बोलते. फरक एवढाच, की इथे ती साफ चुकते आहे.

आजी तोवर गप्प. तिला पहिल्या आकड्यापासून माहीत आहे. मग ती बोलली का नाही? हा प्रश्न वाचकाला पडेल, म्हणून त्याचं उत्तर तुमच्याजवळ हवं, लिहिलं नाही तरी. मला वाटतं, नवऱ्याने हे लिहून ठेवलं होतं हेच तिला माहीत नव्हतं. रात्री ती थर्मामीटर बघून आकडा सांगायची, तो ऐकायचा, आणि मग कोपऱ्यात बसून काहीतरी खरडायचा. तिला वाटायचं, शाळेचं काहीतरी. ते आज तिला कळतंय. ती एवढंच म्हणते, “काखेत धरून ठेवायला लागायचा. राहायची नाही ती एका जागी.” “कोण?” असं आत्या विचारते. आजी म्हणते, “तू.”

पण थांबा, इथे एक अडचण आहे, आणि तीच मला तुमच्या कथेत सगळ्यात जास्त आवडली, जरी तुम्ही ती नकळत करून ठेवली असली तरी. तुमच्या तिसऱ्या पानावर १४ मार्च १९७१ ची नोंद आहे, आणि आजोबा त्या दिवशी शाळेत जाऊन दोन जादा तास घेतात. मी कॅलेंडर काढून बघितलं. १४ मार्च १९७१ हा रविवार होता. (तारखा घालणाऱ्या प्रत्येक लेखकाने वार तपासावा. खवचट वाचक तपासतोच.)

तारीख बदलून हे निस्तरता येईल. पण मी म्हणते, बदलू नका, वापरा. वडिलांना विचारू द्या, “रविवारी शाळा?” नात पान बघते. छापील वार खरंच रविवार आहे. ती मागे जाते, अगदी जानेवारीपर्यंत, आणि तिथे पहिल्या पाच-सहा पानांवर छापील वार खोडलेले आहेत. १ जानेवारीला छापलंय शुक्रवार, त्यावर बारीक रेघ, शेजारी पेनाने “मंगळ”. आठवडाभर त्यांनी हे केलं आणि मग कंटाळून सोडून दिलं, कारण स्वतःला आज कुठला वार आहे ते ठाऊकच होतं. कोरी राहिलेली जुनी डायरी त्यांनी नंतरच्या कुठल्यातरी वर्षी वापरायला काढली होती. सगळी मार्चची पानं खोडून ठेवली तर नातीला पहिल्याच मिनिटाला कळेल आणि कथा संपेल. म्हणून खोडाखोड जानेवारीतच थांबली पाहिजे.

मग साल कोणतं? १ जानेवारी मंगळवारी आला तो १९७४ मध्ये, मग १९८० मध्ये, मग १९८५ मध्ये. नातीचा भाऊ फोनवर हे क्षणात काढून देईल, हे त्याचं दुसरं काम. चौदा तारखेचा गोंधळही यात सुटतो, कारण १९७४ मध्ये १४ मार्च गुरुवारी होता. आणि सतरा मार्च, म्हणजे नातीचा तो ‘रिता बुधवार’, प्रत्यक्षात रविवार होता. शाळेला सुट्टी होती, म्हणून नोंदीत ‘शाळा’ नाही. ताप नव्हता, म्हणून आकडा नाही. उरलं ते “काही नाही”. सबंध डायरीतला बहुधा सगळ्यात सुखाचा दिवस.

हे शेवटचं वाक्य मी तुम्हाला सांगितलं. कथेत नातीने ते सांगू नये. आत्तापर्यंत प्रत्येक नोंदीचा अर्थ सांगणारी नात या एका नोंदीपाशी अर्थ सांगत नाही, एवढंच तिच्या बाबतीत घडायला हवं. मैत्रिणींना हवी होती ती ‘घटना’ हीच.

साल बदलल्याने आत्याचंही जमतं. डायरी १९७१ ची आहे असं सगळे धरून चालले होते तोवर आत्या त्यात असणं शक्यच नव्हतं, ती जन्मलीच नव्हती. नात सुरुवातीला गमतीने म्हणू शकते, “आत्या, यात तू नाहीस हं, तू नंतरची.” आत्या थोडी हिरमुसते, चहाचे कप उचलण्याच्या निमित्ताने आत-बाहेर करत राहते, अर्ध्या नोंदी तिच्या कानावरही पडत नाहीत. आणि नेमकं तिचंच पान निघतं. हे वाक्य सुरुवातीला अगदी सहज यायला हवं. त्यावर जोर दिलात की वाचक ओळखेल.

भाषेबद्दल एक. मराठी तुम्हाला इथे फुकटात मदत करते, ती घ्या. तुम्ही दर नोंदीआधी “आजोबांनी लिहिलं होतं की” आणि नंतर “असं वाचून ती म्हणाली” असं लिहिता. त्याची गरज नाही. आजोबा लिहितात “उशिरा आलो, जेवलो नाही”, आणि मुलीच्या तोंडून ‘आलो, जेवलो’ आलं की कोणालाही कळतं की ती वाचते आहे. समजावून सांगताना ती ‘आजोबा उशिरा आले’ म्हणणार. नुसत्या क्रियापदावरून वाचणं कुठे संपलं आणि सांगणं कुठे सुरू झालं ते उमगतं. त्यामुळे नोंदींत ‘मी’ जवळजवळ नकोच. डायरीत तसंही कोणी ‘मी’ फारसं लिहीत नाही. मात्र सगळ्याच नोंदी एका शब्दाच्या करू नका. मधे एखादी सबंध वाक्याची येऊ द्या, अगदी बिनमहत्त्वाची, खडूबद्दल किंवा सायकलच्या चेनबद्दल. माणूस जिथे भरभरून लिहितो तिथे त्याला काही लपवायचं नसतं, आणि तेवढ्यापुरता आजोबांचा आवाजही वाचकाच्या कानावर पडतो.

किती नोंदी घ्यायच्या? तुम्ही चौदा घेतल्यात आणि त्यासुद्धा वर्षभरातल्या निवडक, पाडवा, वाढदिवस, निकाल. मी असते तर हा एक आठवडा आणि त्याआधी दोन-तीन सुट्या नोंदी, बास. त्या दोन-तीन नोंदींत नातीचा तर्क खरोखर बरोबर निघू द्या, म्हणजे घरच्यांचा आणि वाचकाचा तिच्यावर विश्वास बसेल. नाहीतर हजेरीचा तर्क मोडतो त्याचं कोणाला काही वाटणार नाही. उदाहरणार्थ “वि. आला. परत केलं नाही” यावरून ती ओळखते की कोणीतरी नेलेली वस्तू परत केली नाही, आणि वडील म्हणतात, “शिडी! ती शिडी शेवटपर्यंत आली नाही.” अशा जागी हशा असावा. तुमच्या कथेत पहिल्या ओळीपासून सगळ्यांचे डोळे भरलेले आहेत. माणूस जाऊन काही महिने झाले की घरचे त्याच्या वस्तू काढून बसतात तेव्हा चांगले खिदळतात.

शेवट. डायरी मिटून छातीशी धरणारी नात, खिडकीतून आलेली झुळूक आणि आजीच्या गालावरचा थेंब, हे तिन्ही परिच्छेद काढा. वाईट लिहिलेत म्हणून नाही. आजीने “तू” म्हटल्यानंतर कथेत सांगायचं काही राहत नाही. साल शोधण्याची खटपट त्याआधी उरकून घ्या, म्हणजे ‘तू’ हा शब्द आला की लगेच सगळं जुळेल. म्हणजे क्रम असा ठेवा: आकडे, मोडलेली हजेरी, गाळलेले शब्द, ‘रिता बुधवार’, मग वडिलांचा रविवारचा प्रश्न, जानेवारीतली खोडाखोड, साल, आणि मग आजी. मी वर प्रसंग मांडताना आजीला आधी बोलायला लावलं ते फक्त तुम्हाला तिचं मन समजावं म्हणून.

आणि हे सगळं बदलाल तेव्हा पान चारवर आत्याचं वयही बदला. कथा २०२४ मध्ये घडते आणि तिथे आत्या पंचावन्न वर्षांची आहे, म्हणजे जन्म १९६९ च्या आसपासचा. तसं असेल तर ती १९७१ मध्येच दोन वर्षांची होती आणि साल बदलण्याचा सगळा खटाटोप वाया जाईल. तिला बावन्नची करा.